माळ्याची घडीची शिडी: बिजागरीचे स्क्रू पुन्हा पुन्हा सैल होत होते

शिडी उघडली की बिजागरीकडून करकर आवाज, आणि झाकण एका कोपऱ्यात घासायचं. जाड स्क्रू लावले, भोकांत काड्या ठोकल्या. महिन्याभरात पुन्हा तेच. वैताग आला.

दोष चौकटीत होता. कर्ण मोजले तर ८ मिमीचा फरक, आणि बिजागरीमागे चौकट व तुळईत पोकळी. स्क्रू घट्ट केला की फळीच वाकायची.

शिडी उतरवली. चौकटीचे स्क्रू ढिले करून बिजागऱ्यांच्या बरोबर मागे लाकडी पाचरी सारल्या, दोन्ही कर्ण जुळवले, मगच चौकट तुळईला आवळली. नंतर बारीक भोक पाडून बिजागरीचे लांब स्क्रू चौकट आणि पाचर ओलांडून थेट तुळईत उतरवले. जुनी भोकं टाळली.