लिंगाच्या लांबीची चिंता: मोजताना आणि तुलना करताना होणाऱ्या या चुका टाळा

‘सरासरी सहा इंच असते’ हे वाक्य हॉस्टेलमध्ये, कट्ट्यावर आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमध्ये इतक्या ठामपणे सांगितलं जातं की त्याचा पुरावा कोणी विचारतच नाही. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा दार लावून मोजतो, साडेचार-पाच इंच भरतात आणि आपल्यात काहीतरी कमी आहे अशी त्याची खात्री होते. खरं तर यातली बरीच चिंता दोन गोष्टींतून येते. एक तर मोजायची पद्धत चुकलेली असते. दुसरं म्हणजे ज्या आकड्याशी तुलना केली तोच चुकीचा असतो.

पहिली चूक: सहा इंचांना सरासरी धरणं

२०१५ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या डेव्हिड व्हील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर झालेल्या अभ्यासांचे आकडे एकत्र केले. त्यात पंधरा हजारांहून जास्त पुरुष होते. मुख्य अट ही होती: मोजमाप डॉक्टरांनी किंवा प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी ठरलेल्या पद्धतीने घेतलेलं असावं, स्वतः सांगितलेलं चालणार नाही. ही अट महत्त्वाची, कारण स्वतः मोजून फॉर्ममध्ये भरलेले आकडे नेहमीच फुगलेले निघतात. माणूस आपली उंचीसुद्धा एखादा इंच वाढवून सांगतो, मग इथे काय होत असेल ते सांगायला नको.

या अभ्यासात ताठ अवस्थेतली सरासरी लांबी १३.१ सेंटीमीटर निघाली, म्हणजे जेमतेम सव्वापाच इंच. ताठ अवस्थेतला घेर सरासरी ११.७ सेंटीमीटर होता. शिथिल लांबी ९.२ आणि शिथिल लिंग हळूच ताणून मोजलेली लांबी १३.२ सेंटीमीटर.

पण नुसत्या सरासरीने माणसाचं समाधान होत नाही, कारण सरासरीच्या खाली असणं म्हणजे दोष, असं आपण शाळेपासून धरून चालतो. व्याख्येनेच जवळपास निम्मे पुरुष सरासरीच्या खाली असणार. बघायचं असतं ते हे, की आकडे सरासरीच्या दोन्ही बाजूंना किती पसरलेले आहेत. या आकड्यांवरून हिशेब केला तर शंभरातले साधारण नव्वद पुरुष ताठ अवस्थेत साडेदहा ते सोळा सेंटीमीटरच्या दरम्यान येतात. सहा इंच, म्हणजे १५.२ सेंटीमीटर, असलेला माणूस शंभरातल्या जवळपास नव्वद जणांच्या पुढे असतो. मुलं ज्याला किमान पात्रता समजतात, तो आकडा प्रत्यक्षात वरच्या दहा टक्क्यांचा आहे.

या अभ्यासालाही मर्यादा आहेत. ताठ अवस्थेत मोजलेले पुरुष सातशेच्या आत होते, कारण दवाखान्यात ते मोजणं अवघड असतं आणि त्यासाठी तयार होणारेही कमी. त्यामुळे शेवटच्या दशांशावर वाद घालण्यात अर्थ नाही. भारतातला आकडा हवा असेल तर केरळमध्ये तीनशे एक पुरुषांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ज्यांचं ताठ अवस्थेत मोजमाप घेतलं गेलं त्यांची सरासरी १३.० सेंटीमीटर भरली. ‘भारतीयांचं लहान असतं’ या पालुपदाला तिथे तरी आधार मिळत नाही.

दुसरी चूक: मोजायची पद्धत

या चुकीमुळे एकाच माणसाच्या मोजमापात सहज दोन-तीन सेंटीमीटरचा फरक पडतो, म्हणून इथे जरा थांबू.

शिथिल अवस्थेतली लांबी दिवसभरात बदलत असते. थंडी, गार पाणी, नुकताच केलेला व्यायाम, मनावरचा ताण या सगळ्यांनी लिंग आकसतं. मोजतानाची धास्तीसुद्धा त्यात आली. शिवाय शिथिल लांबीवरून ताठ लांबीचा अंदाज नीट बांधता येत नाही. काहींचं लिंग शिथिल असताना लहान दिसतं आणि ताठ होताना खूप वाढतं, काहींचं आधीच लांब असतं आणि फार वाढत नाही. म्हणून कपडे बदलायच्या खोलीत शेजाऱ्याकडे चोरून बघून काढलेला निष्कर्ष बिनकामाचा. त्यात आपलं आपण वरून बघतो आणि दुसऱ्याचं समोरून किंवा बाजूने. वरून बघताना तीच वस्तू आखूड दिसते.

मोजायचंच असेल तर शिंप्याचा टेप नको, कंपासपेटीतली कडक पट्टी घ्या. बऱ्याच पट्ट्यांवर शून्य अगदी टोकाला नसतं, आधी काही मिलिमीटर कोरी जागा असते, ती हिशेबात धरा. उबदार खोलीत उभं राहा. पट्टी लिंगाच्या वरच्या बाजूला, पोटाकडून, ठेवा आणि मुळाशी ओटीपोटाखालच्या हाडाला लागेपर्यंत दाबा. तिथून शिश्नमुंडाच्या टोकापर्यंत वाचा. पुढे लोंबणारी कातडी धरायची नाही. खालून वृषणाच्या पिशवीपासून किंवा बाजूने मोजलेला आकडा कोणत्याही अभ्यासाशी जुळणार नाही. शिथिल असताना ताणून मोजायचं तर मुंड धरून समोर सरळ, दुखणार नाही इतपतच ताणायचं.

हाडापर्यंत दाबायचं, कारण तिथे चरबीचा थर असतो आणि लिंगाचा काही भाग त्यात बुडालेला असतो. वजन वाढलं की हा थर जाड होतो आणि लिंग ‘लहान झालं’ असं वाटतं. प्रत्यक्षात ते तेवढंच असतं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. बावीस वर्षांचा मुलगा, वजन ९५ किलो. जानेवारीत आंघोळीनंतर त्याने मोजलं तर शिथिल लांबी साडेसहा सेंटीमीटर. वरच्या अभ्यासाच्या आकड्यांशी ताडून बघितलं तर शंभरातले चार-पाच जणच त्याच्या खाली. झोप उडाली. नंतर ताठ असताना मोजलं, पण पट्टी कातडीवर नुसती टेकवली: साडेनऊ. पुन्हा हाडापर्यंत दाबून मोजलं तेव्हा बारा सेंटीमीटर आले. बारा म्हणजे सरासरीपेक्षा थोडं कमी, शंभरातल्या पंचवीस जणांपेक्षा जास्त आणि पूर्णपणे सामान्य मर्यादेत. माणूस तोच. त्याला फरक पाडायचाच असेल तर वजन कमी केल्यावर बुडालेला भाग थोडा बाहेर दिसेल. या सगळ्यात दिसणारा फरक पडतो असा हा बहुधा एकमेव बिनधोक उपाय.

तिसरी चूक: पडद्यावरच्या माणसांशी तुलना

पॉर्नमधले पुरुष त्याच कारणासाठी निवडलेले असतात. कॅमेरा खालून किंवा जवळून लावतात आणि केस काढलेले असतात. बास्केटबॉलचा संघ बघून आपली उंची ठरवण्यासारखंच हे.

इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या एका दवाखान्यात ‘लहान आहे’ अशी तक्रार घेऊन आलेल्या ६७ पुरुषांची तपासणी झाली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एकाचंही लिंग वैद्यकीय अर्थाने लहान निघालं नाही. बहुतेकांची तक्रार फक्त शिथिल अवस्थेतल्या लांबीबद्दल होती आणि सामान्य लांबी किती असते याचा त्यांचा अंदाज वाढीव होता. बऱ्याच जणांच्या मनात ही शंका लहानपणी मित्राशी केलेल्या तुलनेतून शिरली होती.

जोडीदाराला काय वाटेल, ही भीती यामागे असतेच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या पन्नास हजारांहून जास्त स्त्री-पुरुषांच्या एका इंटरनेट पाहणीत ८५ टक्के स्त्रिया जोडीदाराच्या आकाराबद्दल समाधानी होत्या, पण स्वतःबद्दल समाधानी पुरुष ५५ टक्केच होते. पाहणी अमेरिकेतली आहे, ती जशीच्या तशी आपल्याकडे लावता येणार नाही. तरी चिंता कोणाच्या बाजूला जास्त आहे ते यातून कळतं.

चौथी चूक: तेल, कॅप्सूल, पंप

रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ रंगवणाऱ्यांची जागा आता मोबाइलवरच्या जाहिरातींनी घेतली आहे. माल तोच. मालिश तेलाने लिंग वाढत नाही. वाढ पौगंडावस्थेतल्या संप्रेरकांमुळे होते आणि साधारण अठराव्या वर्षापर्यंत संपते. हस्तमैथुनाने ते लहान किंवा वाकडंही होत नाही. भारताच्या औषध नियमांतल्या शेड्यूल जेमध्ये, ज्यांच्या उपचाराचा दावा औषधाने करूच नये अशा गोष्टींची यादी आहे. लैंगिक अवयवाचा आकार आणि घडण सुधारणं त्या यादीत आहे. म्हणजे बाटलीवर तसा दावा छापलेला असेल, तर नियम तिथेच मोडलेला असतो.

‘हर्बल’ कॅप्सूलमध्ये न सांगता सिल्डेनाफिल मिसळल्याचे प्रकार अनेक देशांत उघड झाले आहेत. त्याने ताठरता वाढते, लांबी नाही, आणि हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याचा रक्तदाब धोकादायकपणे कोसळू शकतो. व्हॅक्यूम पंपाने रक्त ओढलं जाऊन तेवढ्यापुरतं फुगल्यासारखं दिसतं, कायमची वाढ होत नाही. जास्त जोर लावला तर रक्त साकळतं. ताण देणाऱ्या उपकरणांचा काही पुरावा आहे, पण तो सहा महिने रोज चार-सहा तास बांधून एक-दोन सेंटीमीटर एवढाच. शस्त्रक्रियेत लिंगाला हाडाशी धरणारा बंध कापतात. त्याने शिथिल लिंग खाली लोंबतं, म्हणून लांब दिसतं, मात्र ताठ असताना ते डळमळू शकतं. चरबी भरली तर गाठी होतात. सामान्य लांबीच्या माणसावर हे प्रयोग करू नयेत.

पाचवी चूक: खरंच दाखवायला हवं तेव्हा लाजणं

ताणून, हाडापर्यंत दाबून मोजलेली लांबी प्रौढ वयात साडेसात सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर मूत्रविकारतज्ज्ञांना किंवा संप्रेरकतज्ज्ञांना दाखवावं. असे पुरुष फार थोडे असतात. चौदाव्या वर्षापर्यंत वयात येण्याची काहीच चिन्हं दिसत नसतील, वृषण फार लहान असतील किंवा पिशवीत उतरलेलेच नसतील, तर लांबी न मोजताही मुलाला डॉक्टरांकडे न्या. पंधराव्या-सोळाव्या वर्षीच्या मुलाने प्रौढांच्या आकड्यांशी तुलना करू नये, त्याची वाढ अजून चालू असते. ताठ असताना नव्याने आलेला बाक, दुखणं, मागे न सरकणारी कातडी या तक्रारींचा आकाराशी संबंध नाही, आणि त्यांवर उपचार आहेत.

मोजमाप सामान्य येऊनही दिवसातले तास याच विचारात जात असतील, पुन्हा पुन्हा मोजलं जात असेल, लग्नाचा विषय टाळला जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. स्वतःच्या शरीरात नसलेला दोष दिसत राहण्याचा एक ओळखीचा आजार आहे, त्यावर समुपदेशनाने आणि औषधांनी फरक पडतो. डॉक्टर निवडताना पाटीवरची पदवी आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक बघा. तपासायच्या आधीच फोनवर पॅकेजची किंमत सांगणाऱ्याकडे जाऊ नका.