बेरीज शिकवणाऱ्या व्हिडिओचा आराखडा: अगदी नवख्यांसाठी

नागपुरात महाल भागातल्या आमच्या शेजारच्या काकू डब्यांची मेस चालवतात. त्यांना एक्सेलमध्ये रोजच्या खर्चाची बेरीज करायला शिकवावं म्हणून मी स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवली. दोन मिनिटांचा व्हिडिओ, माझ्या मते अगदी सोपा. काकूंचा फोन आला, "काहून बाप्पा, तू कुठं दाबलं ते मला दिसलंच नाही!" दुसऱ्यांदा रेकॉर्ड करण्याआधी मी आराखडा कागदावर मांडला. तो असा.

आधी शेवटचं चित्र ठरवा. व्हिडिओ संपताना स्क्रीनवर नेमकं काय दिसायला हवं? माझ्या उदाहरणात भाजी 320, दूध 180, किराणा 640, पेट्रोल 100 हे आकडे B2 ते B5 मध्ये आणि खाली B6 मध्ये 1240. बस, एवढंच. रंग, चौकटी, महिन्याचा हिशेब हे सगळं दुसऱ्या व्हिडिओत. आकडे आधीच भरून ठेवले, कारण काकूंना टाइप करणं नव्हे, बेरीज शिकायची होती.

आता कागदावर तीन रकाने पाडा: हात काय करतो, तोंड काय बोलतं, किती वेळ थांबायचं. एका ओळीत एकच हालचाल. हे सूत्र मी पहिल्यांदा एकाच ओळीत लिहिलं होतं:

```
=SUM(B2:B5)
```

"B2 पासून B5 पर्यंत ओढा" असं वाचून दाखवत मी काकूंना समोर बसवून करून पाहायला सांगितलं. त्यांनी B2 वर एकदा टिचकी मारली, मग B5 वर दुसरी. एक्सेलने B2 पुसून फक्त B5 ठेवलं आणि बेरीज आली 100. चूक काकूंची नव्हती. "ओढा" या एका शब्दात माझ्या चार हालचाली दडल्या होत्या. मग ओळी फोडल्या: B2 वर बटण दाबा, दाबूनच ठेवा, माउस B5 पर्यंत खाली आणा, आता बोट उचला. रेकॉर्डिंगआधी अशी एक तालीम कराच. समोरचा माणूस जिथे अडेल ती ओळ फोडायची, त्याला समजावत बसायचं नाही.

थांबे आराखड्यातच लिहा, बोलताना ते आठवत नाहीत. माझा क्रम असा: आधी बोलायचं, मग माउस तिथे न्यायचा, एक क्षण स्थिर ठेवायचा, मग क्लिक, आणि त्यानंतर दोन-तीन सेकंद हात बाजूला. क्लिक करतानाच बोललं की बघणाऱ्याची नजर माउस शोधत असते आणि वाक्य निसटतं. सूत्र टाइप झाल्यावर ते मनात दोनदा सावकाश वाचायचं, तेवढा थांबा पुरतो. काकू मोबाईल डब्याला टेकवून व्हिडिओ बघतात आणि लॅपटॉपवर करतात. त्यामुळे "आता व्हिडिओ थांबवा आणि तुम्ही करा" म्हटल्यावर चार-पाच सेकंद काहीच हलवत नाही. बोट मोबाईलपर्यंत पोहोचायला वेळ लागतो हो. मोबाईलवर अक्षरं दिसावीत म्हणून एक्सेलचा झूम दीडशे टक्क्यांच्या आसपास ठेवते.

नेहमीच्या चुका बरोबर उत्तर एकदा आल्यानंतरच दाखवा. आधी दाखवल्या तर नवखा माणूस चुकीचंच पाठ करतो. दोन-तीन पुरे, आणि प्रत्येकीत आधी स्क्रीनवर काय दिसतं ते, मग कारण, मग उपाय.

सगळ्यात जास्त वेळ मी पहिल्या चुकीला देते. किराण्यासमोर `640 रु.` असं लिहिलं की बेरीज 600 येते. एक्सेल त्याला आकडा न मानता मजकूर मानतं आणि बेरजेतून वगळतं, कसलीही तक्रार न करता. ओळखायची खूण म्हणजे बाकीचे आकडे घराच्या उजव्या कडेला आणि हा एकटा डावीकडे चिकटलेला. इथे आराखड्यात पाच सेकंदांचा थांबा आहे, त्यांना स्वतःच शोधू द्यायचं. मग "रु." काढून एंटर दाबायचं, बेरीज आपोआप 1240 होते.

दुसरी चूक, कंस बंद न करता आणि एंटर न दाबता दुसरीकडे क्लिक करणं. सूत्रात नको तो घराचा पत्ता शिरतो. एस्केप दाबून पुन्हा सुरुवात करायची. तिसरी, ओढताना B6 सुद्धा पकडणं. बेरीज स्वतःलाच मोजायला जाते, म्हणून इशारा येतो आणि घरात 0 दिसतो. B6 चं B5 केलं की झालं.

रेकॉर्डिंग मी तीन तुकड्यांत करते: B6 निवडण्यापर्यंत, सूत्र, आणि चुका. सूत्राच्या तुकड्यात गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला तर तेवढाच तुकडा पुन्हा घ्यावा लागतो.