फोटोतलं बारीक टिंब आणि उलटा ‘पैकी’: दुर्मीळ रोगाच्या चाचणीचं गणित कसं सोडवावं

रात्री साडेदहाला भाचीचा फोटो आला. वहीवर तिरकं धरलेलं बारावीचं पुस्तक, अर्ध्या पानावर ट्यूबलाइटची चमक, आणि खाली मेसेज: ‘मामा, याचं उत्तर ९९ टक्केच ना?’

गणित जुनंच आहे, शब्द थोडे बदलून दरवर्षी भेटतं. एका रोगाची रक्तचाचणी, रोग असेल तर ९९ टक्के वेळा तो पकडते. निरोगी माणसांपैकी ०.५ टक्के लोकांनाही ती चुकून पॉझिटिव्ह ठरवते. लोकसंख्येच्या ०.१ टक्के लोकांना हा रोग आहे. सहज निवडलेल्या एका माणसाची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर त्याला खरंच रोग असण्याची संभाव्यता किती?

आधी फोटो नीट वाचा

पेन्सिल उचलण्याआधी फोटो मोठा करून प्रत्येक आकड्यातलं टिंब आणि टक्क्याची खूण बघा. भाचीच्या फोटोत ०.५ मधलं टिंब चमकेत बुडालं होतं आणि तिने ५ टक्के धरले होते. ५ धरले तर उत्तर येतं सुमारे १.९ टक्के. टिंब बरोबर, पण ०.१ पुढची टक्क्याची खूण सुटली आणि ०.१ म्हणजे दहात एक असं धरलं, तर उत्तर जातं जवळजवळ ९६ टक्क्यांवर. खरं उत्तर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. आकडेमोड तिन्ही वेळा बिनचूकच असते, त्यामुळे पायऱ्या तपासून ही चूक सापडत नाही.

टिंब दिसतच नसेल तर अर्थावरून अंदाज घ्या. रोग दुर्मीळ आहे असं गणित सांगत असेल तर दहात एक हा आकडा बसत नाही. तरी शंका राहिली तर पान सपाट ठेवून, दिवा बाजूला घेऊन दुसरा फोटो मागवावा. प्रश्नाची शेवटची ओळही कापली गेलेली नाही ना, ते बघा. ‘चाचणी पॉझिटिव्ह येण्याची संभाव्यता’ आणि ‘पॉझिटिव्ह आल्यावर रोग असण्याची संभाव्यता’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

प्रत्येक वाक्य ‘पैकी’ घालून लिहा

सगळी गोम इथे आहे. प्रत्येक टक्केवारी कुणाच्या तरी ‘पैकी’ असते, आणि इंग्रजी वाक्यात हे ‘कुणाच्या’ शेपटाकडे लपलेलं असतं. म्हणून वाक्य मराठीत उलगडून लिहायचं:

रोग असलेल्यांपैकी ९९ टक्के पॉझिटिव्ह.
निरोगी लोकांपैकी ०.५ टक्के पॉझिटिव्ह.
सगळ्यांपैकी ०.१ टक्के रोगी.
विचारलंय: पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती रोगी?

पहिली आणि शेवटची ओळ शेजारी ठेवून बघा. शब्द तेच, पण ‘पैकी’च्या आधीचा गट बदलला. सशर्त संभाव्यतेच्या खुणेत उभ्या रेघेच्या उजवीकडे जे असतं, तेच मराठीत ‘पैकी’च्या आधी येतं. D म्हणजे रोग असणं आणि + म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह येणं असं धरलं, तर पहिली ओळ P(+|D), शेवटची P(D|+). भाचीने पहिल्या ओळीचं उत्तर शेवटच्या ओळीला चिकटवलं होतं. तिला दोष देण्यात अर्थ नाही. डॉक्टर आणि संशोधक डेव्हिड एडी यांनी १९८२ साली अमेरिकी डॉक्टरांना स्तनाच्या कर्करोगाच्या मॅमोग्राफीबद्दल असाच प्रश्न विचारला, तेव्हा बहुतेकांनी ७५ टक्क्यांच्या आसपास उत्तर दिलं. बरोबर उत्तर होतं सुमारे ८ टक्के.

टक्के सोडा, माणसं मोजा

आता एक मोठं गाव कल्पायचं. मी सुरुवातीला एक लाख धरले, तर निरोगी लोकांमधले चुकून पॉझिटिव्ह आले ४९९.५. अर्धा माणूस नको म्हणून दुप्पट केले, दोन लाख.

दोन लाखांपैकी ०.१ टक्के म्हणजे २०० रोगी. त्यांच्यापैकी ९९ टक्के, म्हणजे १९८ पॉझिटिव्ह. दोघे निसटले.

उरलेले १,९९,८०० निरोगी. त्यांच्यापैकी ०.५ टक्के, म्हणजे ९९९ पॉझिटिव्ह.

पॉझिटिव्हचा कागद हातात घेऊन दवाखान्याबाहेर उभे असलेले एकूण लोक १९८ + ९९९ = १,१९७. त्यांच्यात खरे रोगी १९८.

```
P(D|+) = 198 / 1197 = 22/133 ≈ 0.165
```

म्हणजे साडेसोळा टक्के. चाचणी वाईट नाही. निरोगी माणसांचा ढीगच एवढा मोठा आहे की त्यातला अर्धा टक्कासुद्धा सगळ्या रोग्यांपेक्षा पाचपट भरतो. बेजच्या प्रमेयाचं सूत्र हेच करतं, फक्त दोन लाखांऐवजी १ धरून:

```
(0.001 × 0.99) / (0.001 × 0.99 + 0.999 × 0.005)
```

परीक्षेत सूत्र लिहावंच लागतं, गुण त्याला असतात. पण छेदात ०.९९९ लिहायचं विसरायला होतं. माणसं मोजली असतील तर निरोगी लोक डोळ्यांसमोर असतात, मग विसरणं अवघड जातं.

तोंडी ताळा

रोगाचं प्रमाण ०.१ टक्के, खोट्या पॉझिटिव्हचं ०.५ टक्के. चाचणी जवळजवळ सगळे रोगी पकडते, म्हणून एका खऱ्यामागे साधारण पाच खोटे. सहात एक, म्हणजे १६.७ टक्के. उत्तर याच्या जवळ नसेल तर टिंब परत तपासा. हा ताळा फक्त रोग दुर्मीळ आणि चाचणी चांगली असतानाच चालतो.

‘सहज निवडलेला’ हे शब्द खोडू नका

साडेसोळा टक्के हे उत्तर लक्षणं नसलेल्या, कुठूनही उचललेल्या माणसाचं आहे. ताप, वजन घटणं अशा तक्रारी घेऊन आलेल्या माणसाला ते लावू नका. त्याच्यासारख्या लोकांत रोगाचं प्रमाण ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असतं, आणि सुरुवातीचा आकडा बदलला की पुढचं सगळं बदलतं.

भाचीचा पुढचा प्रश्न चांगला होता: ‘मग अशी चाचणी करायचीच कशाला?’ दुसऱ्या चाचणीसाठी लोक निवडायला. त्याच १,१९७ जणांची तेवढीच चांगली, पण वेगळ्या तत्त्वावरची चाचणी केली, तर १९८ पैकी सुमारे १९६ पुन्हा पॉझिटिव्ह येतील आणि ९९९ पैकी जेमतेम ५. आता २०१ पैकी १९६, म्हणजे साडेसत्त्याण्णव टक्के. आपल्याकडे लक्षणं नसलेल्या माणसाला एचआयव्ही पॉझिटिव्ह म्हणण्याआधी नमुना तीन वेगवेगळ्या चाचण्यांवर तपासतात, त्याच्या मागे हाच हिशोब आहे.

‘वेगळ्या’ हा शब्द महत्त्वाचा. तेच किट परत वापरलं, आणि रक्तातल्या ज्या एखाद्या घटकाने ते पहिल्यांदा फसलं होतं तो घटक तिथेच असला, तर ते परत फसेल. मग ९९९ चे ५ होणार नाहीत.

हे सगळं लिहून पाठवलं, तर उत्तर आलं, ‘मामा, पुढच्या गणिताचा फोटो पाठवते. यात टिंब दिसतंय.’