पांढरा वेडिंग गाऊन आयव्हरी करायचा असेल, तर लेस रंगवा आणि सॅटिन झाका

मोठ्या बहिणीचा किंवा मावशीचा गाऊन धाकटीने घालायचा, ही वसई, मुंबई आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नेहमीची गोष्ट आहे. अंगाला तो नीट बसवून घेता येतो, अडतं ते रंगापाशी. आताच्या नवरीला झगझगीत पांढरा नको असतो, हस्तिदंती किंवा सायीसारखा क्रीम हवा असतो. मग कोणीतरी सुचवतं, की आख्खा गाऊन चहाच्या पाण्यात बुडवून काढ. गाऊन पूर्ण रेशमी किंवा सुती असेल, तर तेही जमतं. पण आपल्याकडे येणारे बहुतेक गाऊन पॉलिएस्टर सॅटिनचे असतात आणि त्यावर नायलॉनच्या जाळीची लेस असते. असा गाऊन चहात घातला, की लेस क्रीम होते आणि सॅटिन पांढरंच राहतं.

पॉलिएस्टरला रंग लागतो, पण त्यासाठी खास रंग आणि जवळपास उकळतं पाणी लागतं. त्या उष्णतेत सॅटिनला कायमच्या चुण्या पडतात, चोळीतल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या वाकतात, टिकल्या मुडपतात आणि चिकटवलेले खडे सुटतात. म्हणून अशा गाऊनसाठी मी एकच वाट सुचवते: लेस उसवून वेगळी रंगवायची आणि सॅटिनवर रंगीत नेटचा थर चढवायचा. काम वाढतं, पण मणीकाम जसंच्या तसं राहतं.

आधी धागा ओळखा

आतल्या शिवणीजवळ लेबल असेल तर ते वाचा, मात्र त्यावर बरेचदा फक्त मुख्य कापडाचं नाव असतं. खात्री करायची असेल तर सॅटिन, अस्तर, लेसची जाळी, लेसवरचा भरतकामाचा दोरा आणि नेट या प्रत्येकाचा छोटा तुकडा किंवा दोन-चार धागे आतल्या शिवणीच्या मार्जिनमधून काढा. कपभर कडक, गाळलेल्या कोमट चहात ते दहा मिनिटं ठेवा, साध्या पाण्यात खळबळा आणि पांढऱ्या कागदावर सुकवा. नायलॉन, रेशीम, सूत आणि रेयॉनवर रंग दिसेल. पॉलिएस्टर जवळपास पांढरंच राहील, आणि जो काही डाग दिसेल तो साबणाने निघून जाईल. जाळून पाहायच्या कसोटीत पॉलिएस्टर आणि नायलॉन दोन्ही वितळतात, त्यामुळे नवख्याचा गोंधळ होतो. चहाची कसोटी सोपी आहे आणि आपल्याला हवं ते थेट सांगते.

मण्यांचीही परीक्षा घ्या. गाऊनसोबत जास्तीच्या मण्यांची पुडी आली असेल तर उत्तम, नाहीतर काखेजवळचा न दिसणारा एक मणी काढा. तो कोमट चहात अर्धा तास ठेवून ओल्या बोटांनी चोळा. काचेच्या मण्याला सहसा काही होत नाही. प्लॅस्टिकच्या मोत्यावरचा चमकदार लेप मात्र कधीकधी सालीसारखा सुटतो. आतून चंदेरी किंवा रंगीत अस्तर असलेले मणीही फिके पडू शकतात. लेप सुटत असेल तर ते मोती आधी काढून ठेवा आणि लेस रंगवून झाल्यावर परत टाका.

उसवण्याआधी नकाशा

उदाहरणादाखल वसईकडच्या लग्नांत सर्रास दिसणारा एक प्रकार घेऊ: चोळीवर पूर्ण लेस, घेराच्या खालच्या काठावर लेसच्या फुलांची पट्टी, मध्ये साधं सॅटिन. काठाच्या प्रत्येक तुकड्याला दोऱ्याने एक खूण बांधा आणि गाऊनवर त्याच जागी तशीच खूण घाला. बटर पेपर ठेवून फुलांची मांडणी गिरवून घ्या. फोटो काढाच, पण शिवताना खरा उपयोग होतो तो या बटर पेपरचा, कारण त्यावर मापं खरी असतात.

लेस उसवताना टाके सॅटिनच्या उलट बाजूने कापा. समोरून कापायला गेलात, तर मणी ओवलेला दोरा तुटायची भीती असते, आणि बऱ्याच लेसमध्ये एकाच दोऱ्यावर ओळीने मणी असतात. एक तुटला की मागचे सगळे घरंगळतात. सुटलेलं टोक दिसलं तर तिथल्या तिथे गाठ मारून पुढे जा.

चोळीवरची लेस शिवणीत अडकलेली असेल तर ती काढायच्या फंदात पडू नका. कमरेची शिवण उसवून चोळी सुटी करा आणि पट्ट्या, कप काढता येत असतील तर काढून ती आख्खी चहात घाला. आतलं पॉलिएस्टर पांढरं राहील, लेस रंगेल आणि जाळीतून दिसणारा पांढरेपणा थोडा फिकटपणा देईल. तो फार डोळ्यांत आला, तर लेस आणि अस्तर यांच्यामध्ये पातळ क्रीम नेट सरकवता येते का ते पाहा.

चहाचं पाणी

लेस आधी सौम्य लिक्विडने धुवा. अंगाचं तेल, अत्तर आणि जुना घाम राहिलेल्या जागी चहा गडद चढतो. धुतल्यावर ती सुकवू नका, ओलीच चहात जायला हवी. कोरड्या कापडाला पाणी जिथे आधी लागतं, तिथे ढग उमटतात.

एक लिटर पाण्यात चार चमचे साधी चहापूड पाच मिनिटं उकळा आणि दुहेरी मलमलीतून गाळा. पुडीचा एक कण लेसवर बसला तरी तपकिरी ठिपका पडतो, म्हणून गाळण्यात हयगय नको. लोखंडी कढई, गंजका नळ किंवा लोहाचा अंश असलेलं बोअरचं पाणी टाळा. लोह आणि चहा एकत्र आले की रंग राखाडी होतो आणि तो परतवता येत नाही. हळद तर अजिबात नको. तिचा पिवळा रंग उन्हात उडतो, आणि साबण लागला की लालसर होतो. कॉफी चालते, पण तिची छटा मळकट तपकिरीकडे जाते. आयव्हरीसाठी मला चहाच बरा वाटतो.

मोठ्या प्लॅस्टिकच्या टबमध्ये दहा लिटर कोमट पाणी घ्या. त्यात हात सुखाने ठेवता यायला हवा, त्याहून गरम नको. गाळलेल्या चहातला निम्माच आधी ओता आणि ढवळा. लेस पसरून आत सोडा आणि हाताने सतत, हलके हलवत राहा. दुमडलेला भाग तसाच पडून राहिला, तर घडीची रेघ उमटते. एका मिनिटाने एक कोपरा उचलून पाहा. दोन-तीन मिनिटांत बाहेर काढा आणि खळबळून घ्या.

इथे घाई नडते. ओली लेस सुकल्यावरच्यापेक्षा गडद दिसते, त्यामुळे टबात जी छटा हवीहवीशी वाटते, ती सुकल्यावर फिकी निघते. म्हणून पहिला प्रयोग लेसच्या सुट्या तुकड्यावर करा. तो दोन पांढऱ्या कापडांमध्ये मंद इस्त्रीने सुकवा आणि दिवसाच्या उजेडात पाहा. फिका वाटला तर उरलेला चहा घालून पुन्हा एकदा. थोडा थोडा रंग दोन-तीनदा चढवलेला केव्हाही चांगला. नायलॉनची जाळी भराभर रंग घेते आणि सुती भरतकाम सावकाश, त्यामुळे मध्येच जाळी गडद आणि फुलं फिकी दिसतील. पॉलिएस्टरच्या दोऱ्याचं भरतकाम तर पांढरंच राहील. क्रीम जाळीवर पांढरी फुलं सुंदर दिसतात, फक्त हे आधी तुकड्यावर पाहून ठरवा.

रंग जास्त झालाच, तर लगेच कोमट पाण्यात थोडं लिक्विड घालून धुवा, काही अंशी उतरतो. ब्लीच लावू नका. नायलॉन त्याने पिवळं पडतं आणि रेशमाचा धागा खराब होतो.

सुकवताना लेस दोरीवर टांगू नका. मण्यांच्या वजनाने ओली जाळी ओढली जाते आणि रंगाचं पाणी खालच्या काठाला साचून तिथे गडद पट्टा उमटतो. पांढऱ्या टॉवेलवर सपाट पसरा, पंख्याखाली, उन्हाबाहेर. बुरखा नायलॉनचा असेल तर तो याच पाण्यात, त्याच बैठकीत रंगवा. नंतर बनवलेल्या चहाची छटा तंतोतंत जुळणं अवघड असतं.

सॅटिनवर नेटचा थर

आता घेराचं सॅटिन. त्यावर मऊ नेट किंवा जॉर्जेटचा थर द्यायचा. नेट निवडताना नेमकी हवी ती छटा घेतली, तर निकाल फिका येतो, कारण खालचा पांढरा जाळीतून वर डोकावतो. म्हणून हव्या त्या छटेपेक्षा एक पायरी गडद नेट घ्या: आयव्हरी हवा तर क्रीम, क्रीम हवा तर फिका शॅम्पेन. मुंबईत असाल तर रंगवून सुकलेली लेस आणि सॅटिनचा तुकडा घेऊन मंगलदास मार्केटला जा. दुकानदाराला नेटचा एक आणि दोन थर सॅटिनवर धरून दाखवायला सांगा, आणि दुकानातल्या दिव्याखाली निर्णय न घेता बाहेरच्या उजेडात पाहा. पांढऱ्या सॅटिनला चमक यावी म्हणून बरेचदा त्यात असं द्रव्य घातलेलं असतं, की ते उन्हात निळसर उजळतं. रिसेप्शनला जांभळट अल्ट्राव्हायोलेट दिवे असतील, तर हे सॅटिन नेटच्या आतूनही चमकेल. तसे दिवे असतील तर दोन थर घ्या, किंवा सजावटवाल्याला ते दिवे टाळायला सांगा.

नेट घेराच्या कळ्यांप्रमाणेच कापा, एकच मोठा गोल करून वरून टाकू नका, नाहीतर कमरेला जाडी येते. कळ्या जोडून थर कमरेच्या शिवणीत सॅटिनसोबत पकडा. खालचा काठ मात्र सॅटिनला शिवू नका, नेट मोकळी सोडा. नेट आणि सॅटिन वेगळ्या तऱ्हेने लोंबतात, आणि एकत्र शिवले की घोळ येतो. गाऊन एक रात्र हँगरवर टांगून ठेवा आणि मगच काठ कापा.

शेवटी बटर पेपर नेटवर टाचण्यांनी लावून फुलं जागेवर बसवा आणि आयव्हरी दोऱ्याने हाताने टाका. टाका फक्त नेटमधून घ्या, सॅटिन पकडू नका. मशीन नकोच, सुई मण्यावर आली की मणी फुटतो आणि सुईही. पांढरे मोती आता क्रीमवर जास्त उठून दिसतील. ते खटकले तर सगळे बदलायची गरज नाही. प्रत्येक फुलाच्या मध्यातला एक-दोन मोती आयव्हरी लावला की नजर सावरते. असे सुटे मोती भुलेश्वरच्या लेस-बटणांच्या दुकानांत मिळतात.

घालण्याच्या आठवडाभर आधी पांढरा ओला रुमाल लेसच्या आतल्या बाजूवर घासून पाहा. रुमालाला रंग लागला तर गार पाण्यात आणखी एकदा खळबळा, नाहीतर मे महिन्याच्या घामात काखेपाशी डाग उमटतील. लग्नानंतर हा गाऊन ड्रायक्लीनला देताना लेस चहाने रंगवलेली आहे हे दुकानात सांगा, म्हणजे ते क्रीमला जुनाट पिवळेपणा समजून काढायला जाणार नाहीत.