चार्ज देताना: काजूच्या महिनाअखेरच्या वर्कबुकात या चुका टाळा

टॅली, बँक आणि पगारपत्रक तुम्ही आधीच्या नोकरीत सांभाळलंय, त्यावर मी काही लिहीत नाही. लिहायला हवं ते महिनाअखेरच्या एक्सेल फाइलबद्दल. आपल्या सिंधुदुर्गातल्या बऱ्याच छोट्या काजू कारखान्यांत अशीच फाइल असते. ती कुणीतरी एकदा बनवलेली असते, मग प्रत्येकाने तिच्यात थोडी भर घातलेली असते, आणि कुठला आकडा कुठून येतो हे फक्त खुर्चीत बसलेल्या माणसाला माहीत असतं.

फाइलमध्ये पाच शीट आहेत आणि आकडा एकाच दिशेने पुढे जातो. `Mahina` मध्ये `B2` या सेलमध्ये महिन्याची पहिली तारीख टाकायची. `Kharedi` मध्ये 1 एप्रिलपासूनची काजू बीची सगळी खरेदी ओळीने आहे. `Satha` त्यातून त्या महिन्याची खरेदी उचलतं, आरंभीच्या साठ्यात मिळवतं आणि सरासरी दर काढतं. `Utpadan` तो दर घेऊन फोडलेल्या बीची किंमत लावतं, आणि `Nafa` शेवटी. म्हणजे `Nafa` मध्ये काही विचित्र दिसलं तर तिथे शोधत बसू नका. मागे मागे जा.

आपल्याकडे याला एक वेगळं वजन आहे. बी येते मार्च ते मे. पावसाआधी गोदाम भरायचं आणि मग तीच बी वर्षभर फोडायची. त्यामुळे मे महिन्यात ठरलेला दर पुढे कित्येक महिने चालतो, आणि मेमध्ये बिघडलेला दरही तेवढाच चालतो.

पहिली चूक: तारीख दिसते म्हणून ती तारीख आहे असं मानणं

`Satha` मधलं खरेदीचं सूत्र असं आहे:

```
=SUMIFS(Kharedi!E$5:E$600,
 Kharedi!A$5:A$600,">="&Mahina!B2,
 Kharedi!A$5:A$600,"<"&EDATE(Mahina!B2,1))
```

हे सूत्र खऱ्या तारखाच मोजतं. तारखेसारखा दिसणारा मजकूर ते सरळ सोडून देतं आणि काही बोलतही नाही. वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवरून जी सीएसव्ही फाइल येते तिच्यात तारखा 16/05 अशा, म्हणजे दिवस आधी, असतात. ती ज्या लॅपटॉपवर उघडाल त्याच्या विंडोजची रीजन सेटिंग अमेरिकन असेल (नवीन लॅपटॉपवर पुष्कळदा असते), तर एक्सेल पहिला आकडा महिना समजतं. 16 वा महिना नसतो, म्हणून ती तारीख मजकूर म्हणून पडून राहते. 13 तारखेपासून पुढच्या सगळ्या पावत्यांचं असंच होतं.

1 ते 12 तारखांचं त्याहून वाईट होतं. त्या उलट्या होतात. 8 मे ची पावती 5 ऑगस्ट होते, 12 मे ची 5 डिसेंबर, आणि 4 मे ची गुपचूप 5 एप्रिल होऊन मागच्या महिन्यात जाऊन बसते. बरोबर राहते ती फक्त 5 मे ची.

ओळखायचं कसं? `Kharedi` च्या तारखेच्या कॉलमला फिल्टर लावा. खऱ्या तारखा वर्ष आणि महिन्यात गटवार दिसतात. मजकूर असलेल्या तारखा खाली सुट्या लटकतात. मे महिन्यात बसून यादीत ऑगस्ट नि डिसेंबर दिसले आणि त्या सगळ्यांचा दिवस 5 असला, की दुसरं कारण शोधायला नको. मजकूर झालेल्या तारखा मोजायला `Mahina` मध्ये मी हा सेल ठेवलाय, तो शून्यच असला पाहिजे:

```
=COUNTA(Kharedi!A5:A600)-COUNT(Kharedi!A5:A600)
```

उलट्या झालेल्या तारखा मात्र हा सेल पकडत नाही, कारण एक्सेलच्या लेखी त्या अस्सल तारखा आहेत. म्हणून फिल्टर बघायचाच.

दुरुस्ती करताना लोक त्या ओळींवर टेक्स्ट टू कॉलम्स चालवतात. मजकूर असलेल्या तारखा त्याने सुधारतात, उलट्या झालेल्या नाहीत. दोन्ही एकत्र असल्या तर त्या सगळ्या ओळी काढून टाका, विंडोजमध्ये रीजन इंग्लिश (इंडिया) करा, एक्सेल बंद करून पुन्हा उघडा आणि मूळ सीएसव्ही परत आणा. काट्यावरच्या मूळ फाइल म्हणूनच कधी डिलीट करू नका.

दुसरी चूक: तळाची बेरीज टॅलीशी जुळली की पुढे जाणं

ही चूक पहिलीला पोसते. `Kharedi` च्या तळाशी साधी बेरीज आहे. तारखेचं काहीही झालं तरी रक्कम हा आकडाच राहतो, त्यामुळे ती बेरीज टॅलीच्या खरेदी लेजरशी तंतोतंत जुळते आणि माणूस निर्धास्त होतो. जुळवायचा सेल तो नाहीच. `Satha!C5`, म्हणजे सूत्राने उचललेली फक्त त्या महिन्याची रक्कम, टॅलीच्या त्या महिन्याच्या रकमेशी लावून बघा.

किती फरक पडतो ते आकड्यांतच बघू. समजावण्यापुरते आकडे गोल केलेत. मे च्या सुरुवातीला 12,000 किलो बी, 110 रुपये दराने, म्हणजे 13,20,000. पहिल्या पंधरवड्यात 8,000 किलो 115 ने घेतली, 9,20,000. दुसऱ्या पंधरवड्यात 10,000 किलो 124 ने, 12,40,000. एकूण 30,000 किलो आणि 34,80,000 रुपये, सरासरी 116. महिन्यात 10,000 किलो फोडली, म्हणजे खर्च 11,60,000 आणि शिल्लक 20,000 किलो.

आता दुसऱ्या पंधरवड्याच्या तारखा मजकूर झाल्या असं धरा. `Satha` ला 20,000 किलो आणि 22,40,000 एवढंच दिसतं. सरासरी 112. खर्च 11,20,000. नफा फक्त 40,000 ने जास्त दिसतो, आणि थोड्या जास्त नफ्याची तक्रार शेठ कधी करत नाहीत. दर 112 काय आणि 116 काय, दोन्ही पटण्यासारखेच.

गोदामात मात्र गोष्ट लपत नाही. आपलं पोतं 80 किलोचं. शीटच्या हिशेबाने 125 पोती असायला हवीत, आणि गोदामात 250 रचलेली आहेत. म्हणून महिनाअखेरीला गोदामात स्वतः जाऊन थप्पी मोजा. कामगाराला फोनवर विचारू नका, तो तुम्हाला जो आकडा हवा असेल तोच सांगेल. बँकेला कॅश क्रेडिटसाठी जाणारं स्टॉक स्टेटमेंट याच शीटवरून निघतं, हेही लक्षात असू द्या.

याच सूत्राची एक शाखा जीएसटीकडे जाते. शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या काजू बीवर रिव्हर्स चार्जने 5 टक्के कर आपण भरायचा असतो, तोही रोखीने. क्रेडिट वापरून नाही. वरची 12,40,000 ची खरेदी शेतकऱ्यांकडची असेल तर 3बी मधल्या 3.1(डी) मध्ये 62,000 कमी जातात. त्याचं क्रेडिट नंतर मिळतं हे खरं, पण उशिराचं व्याज आपल्याच खिशातून.

तिसरी चूक: एरर झाकणं

दराचं सूत्र पूर्वी असं होतं:

```
=IFERROR((C4+C5)/(B4+B5),0)
```

वरच्याच उदाहरणाने पुढे चला. जूनमध्ये आणखी 10,000 किलो फोडली, 112 ने. नफा पुन्हा 40,000 ने जास्त, आणि शीटवरचा साठा शून्य. जुलैत धो धो पाऊस, खरेदी नाही. गोदामात अजून 10,000 किलो बी आहे आणि कारखाना चालू आहे, पण सूत्राला शून्य भागिले शून्य मिळतं. `IFERROR` तिथे निमूटपणे 0 ठेवतो. फोडलेल्या बीची किंमत शून्य होते आणि नफा 11,60,000 ने फुगतो. तीन महिन्यांचे फरक मिळवून बघा: 40,000, 40,000 आणि 11,60,000. हरवलेली 12,40,000 ची खरेदीच ती.

सापडली जुलैत, बिघडली मेमध्ये. मधल्या काळात `Nafa` ने एकदाही लाल रंग दाखवला नाही. म्हणून आता सूत्र असं आहे:

```
=IF(B4+B5>0,(C4+C5)/(B4+B5),NA())
```

दर निघाला नाही तर `#N/A` थेट `Nafa` पर्यंत जातं आणि छापायच्या पानावर ओरडतं. ते वाईट दिसतं म्हणून कुणी परत `IFERROR` घालायला सांगितलं तर घालू नका.

चौथी चूक: आरंभीचा साठा जुन्या फाइलला लिंक करणं

`Satha` चे `B4` आणि `C4` हे पिवळे सेल मागच्या महिन्याच्या अखेरीवरून पेस्ट स्पेशलने, फक्त व्हॅल्यू म्हणून, आणायचे. लिंक केली की बंद झालेला महिना कुणी उघडून हात लावला तर आपली सुरुवात न सांगता बदलते. आणि उघडताना अपडेट नको म्हटलं तर जुनाच आकडा राहतो. दोन माणसांच्या स्क्रीनवर दोन वेगळे साठे दिसतात ते यामुळेच.

याची किंमतही आहे. मेमधली चूक सुधारली तरी जून आपोआप सुधारत नाही. बिघडलेल्या महिन्यापासून सुरुवात करून मे ची अखेर जूनमध्ये, जूनची जुलैमध्ये अशी एकेक पेस्ट करत यावी लागते. जुलैत एक सुधारणा नोंद टाकून मोकळं व्हायचा मोह होईल. तसं केलं तर मे आणि जूनचा गराचा दर चुकीचाच राहतो, आणि त्या दरावर पुढच्या ऑर्डरचे भाव ठरतात.

उरलेल्या दोन लहान गोष्टी. ही फाइल स्टेटस बारवर `Calculate` दाखवत असेल तर ती मॅन्युअल मोडमध्ये आहे आणि समोरचे आकडे शिळे आहेत. एक्सेल हा मोड सगळ्यात आधी उघडलेल्या फाइलवरून घेतं; विक्रीची मोठी फाइल मॅन्युअलवर सेव्ह केलेली आहे, म्हणून ती आधी उघडू नका. आणि `Utpadan` मधल्या उताऱ्याकडे, म्हणजे फोडलेल्या बीतून किती टक्के गर निघाला त्याकडे, एक नजर टाका. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-4 सारख्या चांगल्या कलमांच्या बीचा उतारासुद्धा 30 टक्क्यांच्या आसपास असतो, आणि आपला माल मिश्र. शीटवर 35 टक्के दिसले तर फोडलेल्या बीची नोंद कमी पडली आहे. फोडणीच्या वहीतले रोजचे किलो आधी मिळवून बघा.