जर्मन बोलताना आपले ‘जरा’ आणि ‘की’ विसरू नका

स्टुटगार्टला नव्याने आलेली आपली मुलं जर्मनच्या बी-वन, बी-टू परीक्षा पास होऊन येतात. व्याकरण चोख असतं, तरी बोलणं तुटक वाटतं. वाक्यातले बारके शब्द राहून जातात, म्हणून. पुस्तक त्यांचा अर्थ धड सांगत नाही, पण मराठी माणसाला ते पटकन उमगतात.

आल्यावर पहिल्याच वर्षी सुपरमार्केटात ऑफिसातली एक बाई भेटली. आनंदाने मी विचारलं, ‘वास माख्स्ट डू हिअर?’ तिचा चेहरा बदलला. मी तिला चक्क ‘तू इथे काय करतेस?’ असा जाब विचारला होता. मला म्हणायचं होतं, ‘अगं, तू इथे कुठे?’ त्यासाठी एकच शब्द हवा होता: ‘वास माख्स्ट डू डेन हिअर?’ हा ‘डेन’ प्रश्नातली उलटतपासणी काढून घेतो. ‘नाव काय गं तुझं?’ मधला ‘गं’ करतो तेच काम. मात्र असा ‘डेन’ फक्त प्रश्नातच येतो. विधानात वाक्याच्या सुरुवातीला आला, तर त्याचा अर्थ ‘कारण’ होतो.

‘माल’ म्हणजे आपलं ‘जरा’. जेवताना ‘गिप मिअर दास झाल्त्स’ म्हटलं की हुकूम झाला, ‘मीठ दे’. ‘गिप मिअर माल दास झाल्त्स’ म्हटलं की ‘जरा मीठ दे ना’. जागा नीट बघा: क्रियापद, मग ‘मिअर’ म्हणजे ‘मला’, मग ‘माल’. त्यावर जोर द्यायचा नाही, ओझरता म्हणायचा. ठासून म्हटलात तर पाठ केल्यासारखा वाटतो.

‘डॉख’ माझा सगळ्यात आवडता. ‘तू येत नाहीयेस का?’ असं कोणी नकारार्थी विचारलं आणि तुम्ही येणार असाल, तर ‘या’, म्हणजे ‘हो’, म्हणू नका, ते अर्धवट राहतं. ‘डॉख!’ म्हणा. म्हणजे ‘येतोय की!’ इथे त्यावर जोर द्यायचा. पाहुण्याला ‘झेट्सन झी झिश डॉख’ म्हणतात, तो मात्र हलका: ‘बसा की!’ पण आवाज चढवून ‘माख डॉख दास फेन्स्टर त्सू!’ म्हटलंत, तर ‘कितीदा सांगायचं, लाव की खिडकी!’ असा वैताग ऐकू येतो. ‘डॉख माल’ जोडून म्हटलं की तो बराच निवळतो.

‘हाल्ट’ म्हणजे ‘आता असंच आहे, काय करणार’. ट्रेन उशिरा आली की रोज कानावर पडेल. हा मूळचा दक्षिणेकडचा, उत्तरेत त्या जागी ‘एबन’ जास्त चालायचा. ‘हो ना?’ साठी इथे दक्षिणेत ‘गेल?’ म्हणतात, उत्तरेत ‘ने?’.

सरकारी कार्यालयाला पत्र लिहिताना ‘माल’, ‘हाल्ट’, ‘गेल’ गाळाच. सुरुवात एकट्या ‘माल’ने करा, आठवडाभर फक्त काही मागताना. तो तोंडात बसला की ‘डेन’ घ्या.