चुकलेला पेपर परत देताना मुलाला काय सांगावं?

मूल चुकलं की त्या चुकीचं काहीतरी कारण आपण शिक्षक त्याला देतोच. कधी शब्दांत देतो, कधी नुसत्या उसाशातून. मूल ते कारण उचलतं, आणि पुढच्या उदाहरणाला हात घालायचा की नाही, हे बरंचसं त्यावरून ठरवतं. म्हणून पेपर वाटतानाचे ते दोन-तीन मिनिटांचे संवाद कसे करावेत, एवढ्यापुरतंच हे लिहिते आहे. उदाहरण माझ्या सहावीच्या वर्गातल्या एका मुलाचं घेते.

विषय अपूर्णांकांची बेरीज, दहा उदाहरणांची चाचणी. पहिली तीन उदाहरणं समच्छेद अपूर्णांकांची होती, ती बरोबर. चौथं होतं २/३ + १/४ आणि उत्तर लिहिलं होतं ३/७. पाचवं १/२ + १/३, उत्तर २/५. सहाव्यापासून पान कोरं. दहापैकी तीन गुण. पेपर हातात देताच तो म्हणाला, “बाई, मला गणित येतच नाही.”

आधी ओळखा: न येणं की सोडून देणं

ती कोरी पाच उदाहरणं चुकलेल्या दोन उदाहरणांपेक्षा जास्त काळजीची आहेत. न येणारं मूल चुकीचं का होईना, पण काहीतरी लिहितं. हतबल झालेलं मूल लिहिणंच थांबवतं. पहिली अडचण आली की पुढचं सगळं सोडून देतं, उदाहरण पुरतं वाचायच्या आत “येत नाही” म्हणतं, आणि एखादं बरोबर आलं तर “ते सोपं होतं” म्हणून तेही आपल्या खात्यावर घेत नाही.

खात्री करायची असेल तर एक साधी चाचणी आहे. मुलाने काल नक्की सोडवलेलं उदाहरण त्याला आज एका अवघड उदाहरणानंतर लगेच द्या. कालचं येणारं आज अडलं, तर प्रश्न गणिताचा उरलेला नाही. कॅरल ड्वेक आणि डिकन रेपुची या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली असंच काहीसं पाहिलं होतं. एका व्यक्तीने मुलांना सुटणारी कोडी दिली, दुसरीने न सुटणारी. पुढे त्या दुसऱ्या व्यक्तीने सुटणारी कोडी दिली, तरी काही मुलांना ती सुटेनात. तशीच कोडी पहिल्या व्यक्तीकडून आली होती तेव्हा त्यांनी सोडवली होती. शिक्षक म्हणून मला हे वाचताना अस्वस्थ व्हायला झालं, कारण याचा अर्थ हतबलता माणसालाही चिकटते. माझ्या तासाला गप्प बसणारं मूल दुसऱ्यांच्या तासाला धडाधड उत्तरं देत असेल, तर मी आधी स्वतःकडे पाहायला हवं.

‘शिकलेली हतबलता’ ही कल्पना १९६७ च्या सुमारास मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून आली. काही कुत्र्यांना विजेचा झटका डोक्याने पट्टी दाबून थांबवता येत होता. काहींना तेवढेच झटके बसत, पण त्यांनी काहीही केलं तरी फरक पडत नसे. पुढे या दुसऱ्या गटाला अशा पेटीत ठेवलं, जिथे बुटका अडथळा ओलांडला की सुटका होती. तरी त्यातले बहुतेक कुत्रे जागीच पडून राहिले. ‘काही केलं तरी उपयोग नाही’ हे ते शिकले, असा अर्थ तेव्हा लावला गेला. २०१६ मध्ये याच दोघांनी ती मांडणी बदलली. लांबलेल्या त्रासात निष्क्रिय होणं ही मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते हे, की आपल्या करण्याने फरक पडतो. आपल्या कामासाठी ही दुरुस्ती मोलाची आहे. नुसती निराशा पुसून भागणार नाही, ‘मी केलं आणि बदललं’ हा अनुभव मुलाला मिळवून द्यावा लागेल.

मुलाचं कारण त्याच्याच शब्दांत घ्या

तुमचं कारण सांगण्याआधी त्याचं ऐका. “का चुकलं?” असं विचारलं की मुलाला जाब विचारल्यासारखं वाटतं. “कुठे अडलास?” असं विचारा. उत्तर आलं की ते बर्नार्ड वायनर यांच्या तीन कसोट्यांवर मनात तपासा. वायनर हे कारणारोपण सिद्धांतातलं, म्हणजे माणसं यशापयशाची कारणं कशी लावतात याच्या अभ्यासातलं, मोठं नाव. कारण स्वतःतलं आहे की बाहेरचं? कायमचं आहे की बदलणारं? हातातलं आहे की हाताबाहेरचं? हतबलतेचा विचार करताना चौथी कसोटी लागते: कारण एवढ्यापुरतं आहे की सगळीकडे पसरलेलं?

“मला गणित येतच नाही” हे वाक्य असं तपासून पाहा. कारण स्वतःतलं, कायमचं, हाताबाहेरचं, आणि पसरलंय अख्ख्या विषयावर. यावर विश्वास ठेवणाऱ्या मुलाने सहावं उदाहरण कशासाठी सोडवायचं? पान कोरं ठेवणं त्याच्या बाजूने अगदी तर्काला धरून आहे.

खरं कारण पेपरात शोधा

इथे घाई करू नका. कारण खरं नसेल तर पुढचं सगळं वाया जातं. त्याचा पेपर नीट पाहिला तर दिसतं की समच्छेद अपूर्णांकांत त्याने छेद तसाच ठेवला आणि अंशांची बेरीज केली, म्हणजे तो नियम त्याला ठाऊक आहे. छेद वेगळे आले तेव्हा मात्र त्याने वरचे वर आणि खालचे खाली मिळवले. दोन्ही चुका एकच आहेत. छेद समान करण्याची पायरी गळली आहे. ‘गणित येत नाही’ एवढं मोठं कारण पाहता पाहता एका पायरीवर आलं.

मग बोला, आणि थोडक्यात बोला

मी त्याला शेजारी बसवून साधारण असं म्हटलं: “पहिली तिन्ही बरोबर आहेत, म्हणजे बेरीज तुला जमते. चौथ्या-पाचव्यात छेद वेगळे होते, ते समान करायचे राहिले. दोन्ही चुका त्या एका पायरीच्या आहेत. आता पाचवं पुन्हा बघ. अर्ध्यात आणखी एक तृतीयांश मिळवलास आणि उत्तर दोन पंचमांश आलं. अर्ध्यापेक्षा मोठं की लहान?”

तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “लहान. पण मिळवल्यावर लहान कसं होईल?” पुढे १/२ चे ३/६ आणि १/३ चे २/६ त्याने स्वतः केले, उत्तर ५/६ आलं. मी फक्त सहाचा आकडा सुचवला होता.

माझ्या वाक्यातलं कारणही त्याच्यातलंच होतं, मी ते पेपरावर किंवा नशिबावर ढकललं नाही. पण ते बदलणारं, त्याच्या हातातलं आणि एवढ्याशा जागेपुरतं होतं. चूक उत्तरातूनच कशी पकडायची, हेही त्याच्या हाती आलं.

चांगल्या मनाने होणाऱ्या चुका

रागावू नये हे आपल्याला कळतं. नुकसान बऱ्याचदा मायेने होतं. “असू दे रे, गणित काही सगळ्यांनाच जमत नाही” हे वाक्य घ्या. अनिता रतन, कॅथरीन गुड आणि ड्वेक यांनी २०१२ मध्ये अशाच सांत्वनाचा अभ्यास केला. ‘गणित सगळ्यांचंच असतं असं नाही’ अशा सुराचं सांत्वन मिळालं, तेव्हा विद्यार्थ्यांची उमेद खचली आणि शिक्षकांना आपल्याकडून फारशी अपेक्षा नाही असं त्यांना वाटलं. सँड्रा ग्रॅहम यांच्या १९८४ च्या प्रयोगातही, अपयशानंतर कीव वाट्याला आलेल्या मुलांनी आपली कुवतच कमी असल्याचा अर्थ काढला. अगदी सोप्या उदाहरणाला भरभरून शाबासकी दिली, किंवा न मागता उत्तर सांगून टाकलं, तरी मुलाला तोच निरोप जाऊ शकतो.

दुसरी चूक “अजून मेहनत कर” ही. याचं मूळ एका चांगल्या प्रयोगात आहे. ड्वेक यांनी १९७५ मध्ये अतिशय हतबल अशा १२ मुलांबरोबर २५ दिवस काम केलं. अर्ध्या मुलांना फक्त यश मिळेल अशी गणितं दिली. उरलेल्यांना मधूनमधून मुद्दाम अपयश येऊ दिलं आणि तेव्हा सांगितलं, की याचा अर्थ जास्त प्रयत्न करायला हवा होता. नंतर अवघड गणितं पुढे आली तेव्हा फक्त यश चाखलेली मुलं पूर्वीसारखीच कोसळली, दुसऱ्या गटातली टिकून राहिली. यातून घ्यायचं ते हे, की सोपी सोपी उदाहरणं देऊन हतबलता जात नाही. सरावाच्या संचात एक-दोन अडणारी उदाहरणं हवीतच, आणि मूल अडेल तेव्हा तुम्ही जवळ असायला हवं.

पण प्रयत्नांचं कारण खरोखर अभ्यास न केलेल्या मुलालाच लागू पडतं. माझा विद्यार्थी आदल्या संध्याकाळी दोन तास बसला होता. त्याला “मेहनत कमी पडली” म्हटलं असतं तर त्याने सरळ हिशेब केला असता: मेहनत तर केली, तरी आलं नाही, म्हणजे डोकंच नाही. मार्टिन कोव्हिंग्टन आणि कॅरॉल ओमेलिक यांनी १९७९ मध्ये प्रयत्नांना दुधारी तलवार म्हटलं ते याचमुळे. मोठी मुलं म्हणूनच कधीकधी मुद्दाम अभ्यास करत नाहीत. अपयश आलं तर निदान ‘केलाच नव्हता’ म्हणता येतं. मुलाने कष्ट घेतले असतील तर कारण पद्धतीत शोधा: कुठली पायरी राहिली, कुठला सराव चुकीचा झाला.

आणि कारण खरंच बाहेरचं असेल तर तसं कबूल करा. फळा दिसत नसेल, वाचताना अक्षरांचा गोंधळ होत असेल, तर त्याची तपासणी हवी, आपलं वाक्य तिथे पुरणार नाही. अर्धा वर्ग एकाच जागी चुकला असेल तर “हे मी नीट शिकवलं नाही, उद्या पुन्हा घेते” हेच खरं उत्तर आहे.

फरक पडतोय का, ते कशावरून कळेल?

सुरुवातीला गुण पाहू नका, ते उशिरा हलतात. कोऱ्या जागा मोजा. कोऱ्या जागी चुकीचं उत्तर आलं, तर ती प्रगती आहे, आणि ते मुलाला सांगा. एका संवादाने काही होत नाही. मी त्याच्याशी तीन आठवडे, दर दोन-तीन दिवसांनी, एखाद्या उदाहरणावर असं बोलत होते. मध्ये एकदा त्याने पुन्हा अख्खं पान कोरं दिलं. त्या दिवशी सुरुवातीलाच अवघड उदाहरण देण्याची चूक माझी होती.

तीन आठवड्यांनंतरच्या चाचणीत दहापैकी सहा बरोबर, चार चूक, कोरं एकही नाही. ३/४ + २/५ मध्ये त्याने दोन्ही छेद २० केले होते, अंश मात्र तसेच ठेवून उत्तर ५/२० लिहिलं होतं. मी त्या ओळीवर बोट ठेवलं, एवढंच. तो म्हणाला, “बाई, खालचं वाढवलं आणि वरचं वाढवायचं राहिलं. म्हणून तीन चतुर्थांशापेक्षा कमी आलं.” आणि मी काही बोलायच्या आत त्याने पेन्सिल उचलली होती.